जागा कागलची, काम चाकणचं: शेवटच्या राऊंडला जाऊ का नको?

वाचकाचं पत्र

माझं वय 29. मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये सहा वर्षं क्वालिटीत आहे, हातात 31 हजार येतात. कागल एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअरची जागा निघाली. माझे दाजी तिथं स्टोअर्सला आहेत, त्यांनीच एचआरकडे माझं नाव दिलं. दोन राऊंड झाले. दुसऱ्या राऊंडला साहेब बोलता बोलता म्हणाले की माणूस चाकणला कस्टमरच्या प्लांटमध्ये बसवायचा आहे, शिफ्टनं. जाहिरातीत हे नव्हतं. बायको बेळगावात शाळेत शिकवते, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. कागल म्हणूनच मी अर्ज केला होता. आता शनिवारी प्लांट हेडसोबत शेवटचा राऊंड आहे. बाबा म्हणतात, "जा, ऑफर घे, मालकाला दाखव, पगार वाढवून देईल." मित्र म्हणतो, "फोनच उचलू नको." दाजींना काय तोंड दाखवू कळेना. आणि महिना 55 हजार सोडतोय म्हणून रात्री झोप लागत नाही. काय करू?

— एक वाचक, बेळगाव तालुका

उत्तर

तुमचा शनिवार तोंडावर होता, म्हणून थोडक्यात उत्तर तुम्हाला आधीच कळवलंय. इथं सविस्तर लिहितेय, कारण खानापूर, निपाणी, चंदगड भागातून याच अडचणीची आणखीही पत्रं आली आहेत.

मी तुम्हाला म्हटलं होतं की आजच्या आज "नको" कळवू नका आणि शनिवारी गप्प जाऊन बसूही नका. मधे एक दिवस घ्या, एचआरला एक छोटा मेसेज टाका आणि त्याच्या उत्तरावर ठरवा. मला स्वतःला वाटतं की शेवटी तुम्ही नकारच द्याल, आणि तो दिलेला बराही असेल. पण आत्ता तुमच्या हातात साहेबांचं एक वाक्य आहे. त्या एका वाक्यावर जागा सोडली तर सहा महिन्यांनी "नीट विचारायला हवं होतं" ही रुखरुख लागेल.

साहेबांनी जे सांगितलं त्याला ऑटो क्षेत्रात "रेसिडेंट इंजिनिअर" म्हणतात. हे काम मी जवळून पाहिलंय. फौंड्रीच्या पर्सोनेल खात्यात असताना अशी माणसं मीच भरली आहेत. कागलची कंपनी समजा ब्रॅकेट किंवा हाउसिंग मशिनिंग करून गाडीवाल्या मोठ्या कंपनीला पुरवते. त्यातला एखादा खराब पीस कस्टमरच्या असेंब्ली लाईनवर सापडला की पहिला फोन रेसिडेंटला येतो. त्यानं जायचं, तो लॉट बाजूला काढायचा, स्टोअरमध्ये पडलेला सगळा माल एकेक करून गेजनं तपासायचा, चांगल्यावर मार्करनं खूण करायची, फोटो काढून कागलला पाठवायचे आणि लाईन थांबली असेल तर शिव्या खायच्या. त्या पीसमध्ये बोअर मोठा का झाला, टूल झिजलं होतं का फिक्श्चर हललं होतं, हे शोधायचं काम कागलच्या शॉपमध्ये होतं. ते करणारा माणूस दुसरा असतो.

तुम्ही सहा वर्षं जे शिकलात, म्हणजे सीएमएमवर मोजणी, कंट्रोल प्लॅन, नव्या पार्टची कागदपत्रं कस्टमरकडून मंजूर करून घेणं, त्यातलं चाकणला फार थोडं वापरात येईल. काही मुलांना हेच काम फळतं. ज्याला कस्टमरशी बोलायची हौस आहे, पाठीमागे घरची जबाबदारी नाही, तो दोन-तीन वर्षांत कस्टमर क्वालिटीत चांगला वर चढतो. म्हणून ही नोकरी वाईट आहे असं मनात धरू नका. तसं धरलं की नकार देताना आवाजात राग येतो, आणि समोरच्याला तो ऐकू जातो.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे. साहेबांनी सांगितलं ते कायमचं आहे, असं. असेलही. पण "सुरुवातीला चाकण" आणि "चाकणच" यात फार फरक आहे, आणि मुलाखतीत साहेब लोक पहिलं बोलून दुसरं सुचवतात किंवा याच्या उलट करतात. ज्याच्या खात्याचा माणूस कमी आहे तो आपल्या गरजेपुरतं बोलतो, आणि जागा कागदावर कशी मंजूर झाली आहे हे एचआरला माहीत असतं. म्हणून प्रश्न एचआरला करायचा, तोही लिहून, म्हणजे उत्तरही लिहून येतं.

विचारायचं एवढंच: नेमणूकपत्रावर कामाचं ठिकाण कागल असेल का चाकण? चाकणला किती महिने, आणि त्यानंतर कागलला आणणार हे पत्रात येईल का? शिफ्ट कोणत्या? आणि नेमणूकपत्र कंपनीचं मिळणार का एखाद्या कॉन्ट्रॅक्टरचं?

शेवटचा प्रश्न तुम्ही केलेला नाही, पण चाकणला बसणारी बरीच रेसिडेंट मुलं कॉन्ट्रॅक्टरच्या पगारपत्रकावर असतात. मुलाखत कंपनी घेते, पत्र मात्र दुसऱ्याच नावाचं हातात येतं, अकरा महिन्यांचं. पीएफही त्याच दुसऱ्या नावानं भरला जातो. हे आधी कळलं तर ठरवणं सोपं जातं.

आता उत्तर कसं वाचायचं ते सांगते. "सहा महिने चाकण, मग कागल, पत्रात तसं लिहून देऊ" असं आलं तर प्रश्न तुमच्या घराचा उरतो. आईचं ऑपरेशन कधी, तोवर बायकोला एकटीनं झेपेल का, हे घरात बसून बोला. तसं झेपणार असेल तर शनिवारी जरूर जा. "ठिकाण चाकणच, हे पद तिथलंच आहे" असं आलं तर तुम्हाला स्पष्ट उत्तर मिळालं, आणि त्या एचआरचे आभार माना. सगळ्यात जास्त वेळा तिसरं उत्तर येतं: "ते प्लांट हेड साहेबांशी बोलून घ्या", "आल्यावर बघू", "अॅडजस्ट करू". माझ्या अनुभवात ज्या जागेचं ठिकाण कागल असतं तिथं एचआर एका ओळीत "कागल" लिहून टाकते, तिला साहेबांना विचारावं लागत नाही. दोन वेळा विचारूनही गोलगोल उत्तर आलं तर ते चाकणच समजा.

इथं एक बारीक गोष्ट आहे. तोंडी कुणी "तुम्हाला कागललाच ठेवू" म्हणालं तरी खाजगी कंपन्यांच्या नेमणूकपत्रात सहसा एक ओळ असतेच, की कंपनीच्या गरजेप्रमाणे कुठंही बदली होऊ शकते. ती ओळ बघून घाबरायचं कारण नाही, ती बहुतेक सगळ्यांच्या पत्रात असते. पण पत्राच्या वरच्या भागात "कामाचं ठिकाण" म्हणून काय छापलंय आणि पद काय लिहिलंय, ते बघायचं. पद "रेसिडेंट" किंवा "कस्टमर सपोर्ट" लिहिलं असेल आणि ठिकाण कागल असेल तर ते कागल फार दिवस टिकत नाही.

आता त्या 55 हजारांकडे येऊ, कारण माझ्या मते तुमची झोप तिथंच अडकली आहे. कंपनीनं वर्षाला 6 लाख 60 हजार सीटीसी सांगितली, तुम्ही बारानं भागलं आणि 55 हजार आले. सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही कितीला पडता. हातात काय येतं हा वेगळा हिशोब आहे. पत्रासोबत पाठवलेल्या कागदावरून तो मी मांडला. 55 हजारांतले साधारण 5,500 व्हेरिएबल आहेत, म्हणजे वर्षाअखेर कंपनीचं आणि तुमचं मूल्यमापन बघून मिळणार, मिळाले तर. पीएफचा कंपनीचा वाटा 1,800 त्यातच धरलाय. ग्रॅच्युइटीचे सुमारे 1,200 धरलेत, ते नोकरी सोडताना आणि नियमाप्रमाणे पुरेशी वर्षं भरली तरच येतात. मेडिक्लेमच्या हप्त्याचे 500. हे सगळं वजा केलं की 46 हजार राहतात. त्यातून तुमचा पीएफ 1,800 आणि व्यवसायकर 200 कापला जातो. हातात येतात 44 हजार.

आजच्यापेक्षा 13 हजार जास्त, आणि ते थोडे नाहीत. कागलला कोगनोळी नाका ओलांडून गेलं की झालं, आठवड्याला घरी येता आलं असतं, त्यातले बरेचसे शिल्लक राहिले असते. चाकणला मात्र भागीत खोली घेतली तरी सहा हजार धरा, मेसचे चार हजार धरा, महिन्यातून दोनदा बेळगाव म्हणजे येण्याजाण्याचे अडीच हजार धरा. तेरातले साडेबारा गेले. उरले 500 रुपये, तेही डिपॉझिट न धरता आणि आईच्या ऑपरेशनच्या वेळी घरी कुणी नसताना. माझे आकडे थोडे इकडचे तिकडे होतील, खोलीचा खरा भाव तुम्ही चाकणच्या एखाद्या ओळखीच्या मुलाला विचारून घ्या. कंपनी तिथं राहायचा भत्ता देत असेल तर हिशोब बदलेल, म्हणून मेसेजमध्ये तेही विचारा. पण हा हिशोब कागदावर स्वतःच्या हातानं एकदा लिहा. मग 55 हजार सोडले असं न वाटता 500 सोडले असं वाटेल, आणि झोप लागेल.

बाबांचं म्हणणं मी हलकं समजत नाही. त्यांच्या पिढीला हातात कागद असण्याची किंमत ठाऊक आहे. तरी त्या सल्ल्यात एक गोम आहे. मालकाला ऑफर दाखवायची म्हणजे "नाहीतर जातो" असं सांगायचं. मालक म्हणाला, "बरं, जा," तर? जी जागा तुम्हाला नको आहे तिथंच जावं लागेल, नाहीतर मान खाली घालून परत कामाला लागावं लागेल. आणि उद्यमबाग, मच्छे, शिनोळी, कागल हा सगळा एकच गाव आहे. तोच कास्टिंगवाला दोघांना माल देतो, तेच ऑडिटर दोन्हीकडे येतात, तीच मुलं इथून तिथं जातात. खोटी ऑफर दाखवली हे कळायला महिना पुरतो. पगारवाढ हवी असेल तर ती सहा वर्षांच्या कामावर मागा. गेल्या वर्षी किती नवे पार्ट तुम्ही मंजूर करून घेतले, रिजेक्शन किती खाली आणलं, हे एका कागदावर घेऊन जा. त्या बोलण्यात खोटं काहीच नसतं, म्हणून मालकानं नाही म्हटलं तरी तुम्ही तिथं ताठ मानेनं काम करू शकता.

"अनुभव म्हणून जाऊन ये" असंही कुणीतरी तुम्हाला म्हणेलच. पहिल्या राऊंडला ते चालतं. शेवटच्या राऊंडला का चालत नाही, हे मी टेबलाच्या या बाजूनं पाहिलंय म्हणून सांगते.

एका कारखान्यात मी असताना मोल्डिंग सुपरवायझरची जागा होती. तीन मुलं शेवटच्या राऊंडला आली. त्यातल्या एकाला दुसऱ्या राऊंडलाच कळलं होतं की रात्रपाळी कायमची आहे, आणि त्याला ती जमणार नव्हती, घरची अडचण होती. पण ज्या फोरमननं त्याचं नाव दिलं होतं त्याचा मान राखायचा म्हणून तो आला. पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाईल, कपाळावर गंध. साहेबांनी त्याचं काम विचारलं, मुलगा हुशार होता, साहेब खूश झाले. मग त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "कधीपासून येताय?" खोलीत आम्ही चारजण त्याच्याकडे बघत होतो. चहाचे कप समोर होते. त्या क्षणी "मला रात्रपाळी जमणार नाही" असं म्हणायला जो जोर लागतो तो फार थोड्यांकडे असतो. तो म्हणाला, "एक तारखेला, सर."

एक तारखेला तो आला नाही, फोनही लागला नाही. बाकीच्या दोघांना आम्ही तोवर नकार कळवला होता. त्यातला एक दुसरीकडे लागला होता, दुसऱ्याला परत बोलवायला साहेबांना कमीपणा वाटला. जागा दोन महिने रिकामी राहिली आणि रात्रपाळी त्या फोरमननंच ओढली, ज्यानं त्या पोराचं नाव दिलं होतं. त्यानंतर त्या फोरमननं कुणाचंही नाव दिलं नाही. पोरगा वाईट नव्हता. दोन आठवडे आधी एक फोन केला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

म्हणून तुमच्या मित्राचं "फोनच उचलू नको" हेही नको. तो मार्ग सोपा वाटतो, पण फोन न उचलल्याचा हिशोब शेवटी तुमच्या दाजींच्या टेबलावर जाऊन पडतो. एचआर तिसऱ्यांदा फोन लावते, लागत नाही, मग ती जिना उतरून स्टोअर्समध्ये जाते आणि विचारते, "तुमचा पाहुणा येतोय का नाही?" तिथं दाजींना काहीच माहीत नसणं, यात त्यांचा खरा अपमान आहे.

यावरून क्रम ठरतो. दाजींना आधी, एचआरला नंतर. एचआरचं उत्तर येऊन तुमचा निर्णय पक्का झाला की त्याच संध्याकाळी दाजींना फोन करा. ड्यूटीवर असताना करू नका, घरी आल्यावर, चहा झाल्यावर करा. व्हॉट्सअॅप करू नका. बायकोकडून किंवा ताईकडून निरोप देऊ नका, हे पुरुष नातेवाईक फार करतात आणि त्यानं गैरसमज वाढतो. सांगायचं साधं: "दाजी, तुम्ही नाव दिलंत म्हणून मी शेवटच्या राऊंडपर्यंत पोचलो. जागा चाकणची आहे असं एचआरनं कळवलंय. आईचं ऑपरेशन आहे, मला आत्ता बेळगाव सोडता येत नाही. उद्या सकाळी मी एचआरला स्वतः कळवतो. तुम्हाला कुणी विचारलं तर तुम्हाला माहीत असावं म्हणून आधी सांगतोय." बास. ते रागावले तर ऐकून घ्या. बहुतेक रागावणार नाहीत. जागा चाकणची आहे हे कदाचित त्यांनाही माहीत नव्हतं, कारण स्टोअर्सच्या माणसाला क्वालिटीच्या जागांचं सगळं ठाऊक नसतं.

एक चूक मात्र करू नका. दाजींना "तुम्हीच जरा साहेबांशी बोलून कागलला जमतं का बघा" असं म्हणू नका. नाव देणं वेगळं आणि वशिला लावणं वेगळं. ते ओझं त्यांच्या डोक्यावर नको.

मग एचआरला. दुसऱ्या दिवशी सकाळी कळवा, म्हणजे शनिवारच्या आधी त्यांच्याकडे निदान एक पूर्ण दिवस राहतो. प्लांट हेडचा वेळ दुसऱ्या उमेदवाराला देता येतो. मेल करा, आणि मेल केल्यावर एक छोटा फोन करून "मेल पाठवलाय" एवढं सांगा, कारण काही ठिकाणी मेल संध्याकाळीच उघडला जातो. मेल कंपनीच्या पद्धतीप्रमाणे इंग्रजीत लिहाल, मजकूर मात्र एवढाच असू दे:

"क्वालिटी इंजिनिअर पदाच्या शनिवारच्या मुलाखतीसाठी मला निवडल्याबद्दल आभारी आहे. हे पद चाकण इथं आणि शिफ्टमध्ये आहे असं आपल्याकडून कळलं. घरच्या कारणानं मला सध्या बेळगाव-कागल परिसराबाहेर राहता येणार नाही, म्हणून मी पुढच्या फेरीतून माघार घेत आहे. कागल प्लांटमध्ये क्वालिटीची जागा निघाल्यास माझा विचार जरूर व्हावा."

चार वाक्यं. यात जाहिरातीत लिहिलं नव्हतं ही तक्रार नाही. ती तक्रार खरी आहे आणि तुम्हाला त्याचा त्रास झालाय हे मला समजतं. पण माघारीच्या मेलमध्ये ती घातली की वाचणारी व्यक्ती बचाव करायला लागते, आणि मुद्दा बाजूला राहतो. फोनवर तिनं स्वतः विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?" तर मात्र शांतपणे सांगा: "मॅडम, जाहिरातीत ठिकाण कागल होतं, दुसऱ्या राऊंडला कळलं. पुढच्या वेळी जाहिरातीत चाकण लिहिलंत तर बरं पडेल, तिथं जायला तयार असलेली मुलंही मिळतील." हे सांगणं त्यांच्याही उपयोगाचं आहे.

मेलमध्ये आईच्या ऑपरेशनचा तपशील घालू नका. "घरचं कारण" पुरे. तपशील दिला की समोरचा उपाय सुचवायला लागतो, "ऑपरेशननंतर जॉईन व्हा, महिनाभर थांबतो," आणि तुम्ही पुन्हा त्याच कोंडीत. तसंच, शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. कागलच्या जागेसाठी खरंच जाणार नसाल तर ते वाक्य गाळा. उगाच दार किलकिलं ठेवलं की दोन महिन्यांनी फोन येतो आणि दुसऱ्यांदा नाही म्हणावं लागतं.

मेलनंतर फोन येण्याची शक्यता आहे. दोन राऊंड पार केलेला उमेदवार सहज सोडत नाहीत. त्यात "थोडा पगार वाढवून देऊ" येईल. लगेच हो-ना करू नका. पगारानं चाकणचं कागल होत नाही, तुमची अडचण ठिकाणाची आहे, तेच एका वाक्यात परत सांगा. "निदान साहेबांना भेटून तर जा" असंही येईल. हे मोहाचं असतं, कारण भेटायला काय जातंय असं वाटतं. तो पांढरा शर्टवाला मुलगा आठवा. पण त्यांनी "कागलच्याच दुसऱ्या जागेसाठी भेटा" असं म्हटलं आणि ते मेलवर कळवलं तर ती नवी गोष्ट झाली, तेव्हा खुशाल जा.

तुमच्यासारख्याच अडचणीत असलेल्या, पण हातात नोकरी नसलेल्या वाचकांना मी हेच सगळं सांगणार नाही. चार महिने घरी बसलेल्या मुलानं चाकणचा राऊंड सोडू नये. त्यानं जावं, पण आत गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच म्हणावं, "सर, मी येईन, माझी एवढी एक अडचण आहे, ती आधी सांगतो." घरात दुसरा पगार आहे का, कर्जाचा हप्ता आहे का, यावर नकार परवडतो का नाही ते ठरतं. तुमच्याकडे आज उद्यमबागेतली चालू नोकरी आहे, म्हणून तुम्हाला तो परवडतो.

आणखी एक. दुसऱ्या राऊंडला साहेबांनी ठिकाण सांगितलं नसतं तरी त्यांच्या प्रश्नांवरून ते कळलं असतं. इथं छापताना गाळलेल्या भागात तुम्ही लिहिलंय की त्यांनी विचारलं, "रात्री अचानक जावं लागलं तर जमेल?", "लाईन थांबली आणि कस्टमर ओरडायला लागला तर काय कराल?" शॉपमध्ये बसणाऱ्या क्वालिटीच्या माणसाला सहसा हे विचारत नाहीत, त्याला गेज, ड्रॉइंग आणि रिपोर्ट विचारतात. मुलाखतीत कुठले प्रश्न लांबतात ते लक्षात ठेवा, खरं काम तिथं दिसतं. आणि पुढच्या अर्जाच्या वेळी एचआरचा पहिला फोन येईल तेव्हा, पगाराच्याही आधी, विचारा: "मी रोज सकाळी कुठल्या गेटवर कार्ड पंच करणार?" ठिकाण विचारलं तर कंपनीचा पत्ता सांगतात. गेट विचारलं की खरं उत्तर येतं.

शनिवारसाठी तुम्ही रजा टाकलीच असेल तर ती मागे घेऊ नका. डॉक्टरांना भेटून आईच्या ऑपरेशनची तारीख पक्की करा, आणि संध्याकाळी दाजींच्या घरी जाऊन या, ताईलाही भेटणं होईल.